'ऑर्डर पोचली' म्हणजे नक्की कुठे पोचली?

निबवाली: भाचीचं फाउंटन पेनांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे, पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याला ओळीने चार मेल जातात, ते मी मराठीत करून देतेय. पहिल्याचा विषय तिने आधीच लिहून ठेवला होता, 'तुमची ऑर्डर पोचली'. म्हणजे दुकानाकडे पोचली. एका बाईंचं लगेच उत्तर आलं, कुठे पोचली, माझ्या दारात तर काही नाही! भाची म्हणते पोच देणे हा जुना शब्दप्रयोग आहे, चुकलं काय? शिवाय दुसऱ्या मेलात 'आपले स्वागत आहे' लिहायचंय, पण माणूस खरेदी करून मोकळा झाल्यावर कसलं स्वागत?

खतावणी: भाची बरोबर आहे. पोचपावती हा शब्द मग कशाला आहे? लोकांना मराठी येत नाही म्हणून आपण भाषा का बदलायची. आणि स्वागत म्हणजे सु अधिक आगत, आगत म्हणजे आलेला. आलेल्याचंच स्वागत होतं, त्यामुळे खरेदीनंतरचं स्वागत व्याकरणाने अगदी चोख.

तिरपी_मात्रा: काका, व्याकरण चोख असेल हो, पण विषय वाचणारी बाई पार्सलची वाट बघत बसलीय, तिला पोचली म्हटलं की दारच आठवणार. 'ऑर्डर मिळाली' लिहा.

निबवाली: 'मिळाली'त पण तोच घोळ नाही का, कोणाला मिळाली?

तिरपी_मात्रा: हं. मग 'ऑर्डर नोंदवली'.

खतावणी: सरकारी वाटतं.

पेटीबंद: शब्द नोंदवली ठेवा, छान आहे, पण ताई, बाकीचे मेल कधीपासून मोजून जातात ते भाचीला विचारा. बहुतेक ठिकाणी ऑर्डर पडली त्या दिवसापासून मोजतात, आणि पाचव्या दिवशी 'पेन कसं वाटलं?' जातो. पार्सल सातव्या दिवशी आलं की तो मेल खोटा पडतो, मग शब्द कुठलाही घाला.

निबवाली: विचारलं. ती म्हणते दुकानाच्या यादीत ऑर्डरवर `Fulfilled` ची खूण पडली की मोजणी सुरू होते, म्हणजे पूर्ण झाल्यावरच.

पेटीबंद: खरी शब्दचर्चा इथे आहे बघा. त्या खुणेचा अर्थ 'पूर्ण' लावला की फसतो. तिथे दुकानाचं काम संपलेलं असतं, माल रवाना झालेला असतो, गिऱ्हाइकाच्या हातात नव्हे. कुरियरकडून `Delivered` ची खबर येत असेल तर त्यावर लावा. येत नसेल तर रवाना झाल्यापासून नेहमी लागणारे दिवस धरा आणि वर दोन-तीन जास्त घाला.

माझ्या मते क्रम असा. नोंदवल्याचा मेल लगेच, त्यात फक्त काय घेतलं, कुठे पाठवतोय, साधारण कधी येईल. दुसरा मेल पेन हातात पडेल त्या दिवशी, त्यात शाई भरण्याआधी निब कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा, कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं त्याने शाई नीट उतरत नाही. हे न कळल्याने 'पेन खराब आलं' अशी तक्रार येते, तेव्हा मेलच्या उपयोगाची खरी जागा ही. अभिप्राय आणखी दोन आठवड्यांनी मागा, लिहून तरी बघू दे. शाईची जाहिरात सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक मेल सुटण्याआधी तपासा की यांनी मध्येच दुसरी खरेदी केली का किंवा पेन परत पाठवलं का. केलं असेल तर थांबवा, परत पाठवणाऱ्याला 'कसं वाटलं' विचारलं तर काय उत्तर येईल सांगायला नको.

खतावणी: गिऱ्हाईक नको, ग्राहक म्हणा. गिऱ्हाईक करणे म्हणजे टिंगल करणे.

पेटीबंद: ग्राहकाचंच ते घरगुती रूप आहे. मेलात तर दोन्ही नको, 'तुम्ही' पुरतं.

रांगेतला_शेवटचा: पण उघडलेल्या मेलांचा आकडा बघून कळतंच की कुठला विषय चालतो. दोन्ही पाठवून बघा ना.

पेटीबंद: अर्धं खरंय. मेलमधलं चित्र उतरलं की तो उघडला असं मोजतात, आणि 2021 पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून घेऊ शकतं, म्हणून न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा 'पार्सल कुठे' असं विचारणारी उत्तरं कमी झाली का ते बघा. त्यासाठी मेलला उत्तर देता येईल असा पत्ता हवा.

सुट्टा_कागद: मी पेन भावाला भेट पाठवलं होतं, मलाच निब धुवा असा मेल आला. माझ्याकडे पेनच नाही.

निबवाली: अरेच्चा, हे ध्यानातच नव्हतं. पत्ता वेगळा असेल तर निबवाला मेल न पाठवता त्याचा कागदच पेटीत टाकायला सांगते. आणि स्वागताचं काय ठरलं?

तिरपी_मात्रा: काढून टाका. 'पेन आलं का हातात?' एवढंच.

खतावणी: आणि आपले की तुमचे, ते राहिलंच. 'आपले' आदराचं.

तिरपी_मात्रा: 'आपले पेन' म्हटलं तर दुकानाचं की माझं, तेच कळत नाही काका.

खतावणी: संदर्भाने कळतं.

सुट्टा_कागद: पोचलीचं पण संदर्भाने कळणार होतं ना.