मदत हवी आहे: रोजंदारीत एक रुपया गळतोय, संध्याकाळी पगार

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या पेरोलचं टेस्टिंग करते. संध्याकाळी ६ ला पगार चालणार अन् आत्ता दुपारी घोळ सापडला. रोज ४५३, हजेरी साडेचोवीस दिवस: ११०९८.५०. नियमाप्रमाणे ११०९९ हवेत, आले ११०९८. रोज ४५५ असलेल्याचे मात्र ११,१४७.५० चे ११,१४८, बरोबर! पायथनचा `round()` नेमका अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जातो. माझ्या टेस्टमध्ये नेमका ४५५ च होता, कर्म माझं!

`Decimal` आणि `ROUND_HALF_UP` लावून ११०९९ येतात. पण सर म्हणतात, "एका रुपयासाठी आत्ता कोड नको, पुढच्या महिन्यात फरक देऊ." अर्ध्या दिवसाची हजेरी असलेल्यांचाच पगार तपासून हाताने दुरुस्त करावा का? कुणी केलंय असं?