समान गुणांच्या ओळी पानांमधून हरवतात: क्रमवारीत आयडीची सक्ती असावी का?

सह्याद्रीवारा

एका शिष्यवृत्ती परीक्षेची 500 विद्यार्थ्यांची गुणयादी आम्ही पोस्टग्रेसमधून 20-20 नावांच्या पानांनी दाखवतो. एका पालकांना आपल्या मुलीचे नाव 25 पानांत कुठेच सापडले नाही, तर दुसऱ्या एका मुलाचे नाव बाराव्या आणि तेराव्या अशा दोन्ही पानांवर होते. टेबलमध्ये दोघेही एकेकदाच आहेत. बाराव्या पानाची क्वेरी अशी होती:

```
SELECT id, name, marks FROM result
ORDER BY marks DESC NULLS LAST
LIMIT 20 OFFSET 220;
```

क्रमवारीच्या शेवटी `id` जोडल्यावर तक्रार थांबली. ज्या क्रमवारीत दोन ओळींची बरोबरी होऊ शकते, ती आमच्या सामायिक कोडने स्वीकारूच नये, असे माझे मत झाले आहे. सहकाऱ्यांना हा अतिरेक वाटतो. आपले मत काय?

नेमस्त

मलाही अतिरेकच वाटतो. डेटा तोच आणि क्वेरी तीच असेल, तर डेटाबेस आपल्या मनाने क्रम बदलत नाही. आमच्याकडे अशा याद्या अनेक वर्षे चालू आहेत आणि एकही तक्रार आलेली नाही. पालक पाने उलटत असताना कोणीतरी गुण दुरुस्त केले असावेत, म्हणून ओळी सरकल्या. खरा दोष `OFFSET` चा आहे. मागील पानावरील शेवटचे गुण लक्षात ठेवून `WHERE marks < 186` असे पुढचे पान मागवले, तर हा प्रश्न उद्भवणारच नाही.

सह्याद्रीवारा

गुण त्या काळात कोणीही बदललेले नाहीत. टेबलवर लिहिण्याची परवानगीच तेव्हा बंद होती. तपासल्यावर दिसले ते असे. बरोबर 186 गुण मिळवणारे 31 विद्यार्थी आहेत आणि यादीत त्यांच्या जागा 231 ते 261 या आहेत. म्हणजे बाराव्या पानावर दहा, तेराव्यावर वीस आणि चौदाव्यावर एक. हरवलेली मुलगी आणि दोनदा दिसलेला मुलगा दोघेही याच 31 जणांतले आहेत.

जुनी_विहीर

मग उत्तर तुमच्या हाती आलेलेच आहे. नेमस्त यांचे ‘क्वेरी तीच’ हे गृहीतकच येथे लागू होत नाही, कारण बाराव्या आणि तेराव्या पानांच्या क्वेरी डेटाबेसच्या दृष्टीने दोन वेगळ्या क्वेरी आहेत. `LIMIT` असेल तेव्हा पोस्टग्रेस सगळी यादी लावत बसत नाही. `LIMIT` आणि `OFFSET` यांच्या बेरजेइतक्या ओळी पुरेशा आहेत हे त्याला माहीत असते. आलेल्या ओळी त्या बेरजेच्या दुपटीहून अधिक झाल्या की तो हीप वापरून तेवढ्याच अव्वल ओळी हाताशी ठेवतो आणि बाकीच्या टाकून देतो. बाराव्या पानासाठी ही बेरीज 240 आहे. दुप्पट 480, आणि ओळी 500, म्हणून हीप वापरला गेला. तेराव्या पानाची बेरीज 260. दुप्पट 520 होते, तेवढ्या ओळीच नाहीत, म्हणून तेथे साधा क्विकसॉर्ट झाला. दोन्ही पानांवर `EXPLAIN ANALYZE` चालवून पाहा, या दोन ओळी दिसतील:

```
Sort Method: top-N heapsort
Sort Method: quicksort
```

समान गुणांचा आपापसांतला क्रम राखण्याची हमी या दोन्ही पद्धती देत नाहीत. बाराव्या पानासाठी हीपने 31 जणांतून त्याला सोयीचे दहा निवडले आणि तेराव्यासाठी क्विकसॉर्टने आपल्या क्रमातले अकरावे ते तिसावे दिले. दोघांनीही `marks DESC` हा तुमचा शब्द तंतोतंत पाळला आहे. पद्धत न बदलताही असे होऊ शकते, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या पानांवर हीपच असला तरी त्याचा आकार वेगळा असतो.

तक्रार आली नाही याचे आश्चर्य वाटू नये. जितकी नावे दोनदा येतात तितकीच हरवतात, म्हणून एकूण संख्या 500 च भरते आणि संख्या मोजणारी चाचणी हसतमुखाने उत्तीर्ण होते. सर्व पानांवरचे आयडी गोळा करून त्यांतले वेगळे किती हे मोजले तरच चोरी सापडते.

आता `WHERE marks < 186` या उपायाविषयी. येथे तो रोगापेक्षा वाईट ठरेल. बाराव्या पानावर 186 गुणांचे दहा जण दिसले की पुढील पान थेट 185 पासून सुरू होईल आणि उरलेले 21 विद्यार्थी एकाच वेळी, दरवेळी, गायब होतील. शेवटच्या ओळीची खूण ठेवायची तर ती एकाच ओळीकडे बोट दाखवणारी हवी:

```
WHERE (marks, id) < (186, 4127)
ORDER BY marks DESC, id DESC
LIMIT 20
```

फळा_आणि_खडू

मी शिक्षिका आहे, संगणकाची जाणकार नाही. परंतु समान गुणांचा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी येतो आणि त्यासाठी नियम असतो. सर्वांना एकच क्रमांक द्यावा, किंवा जन्मतारखेनुसार वयाने मोठ्या विद्यार्थ्यास वर ठेवावे. आयडीनुसार क्रम लावणे म्हणजे ज्याने अर्ज आधी भरला त्याला वरचढ ठरवणे. हे न्याय्य वाटत नाही.

जुनी_विहीर

बाई, आपण म्हणता तो प्रश्न गुणवत्ताक्रमाचा आहे. येथे प्रश्न एवढाच आहे की प्रत्येक नाव कोठेतरी एकदा आणि एकदाच दिसावे. क्रमांकाच्या रकान्यात 31 जणांना एकच क्रमांक खुशाल छापावा. पानावर कोण आधी दिसतो त्याचा त्याच्याशी संबंध नाही. जन्मतारीख घ्यायची असल्यास जरूर घ्यावी, पण आयडी तिच्यानंतरही लागेलच. जुळ्या भावंडांना समान गुण मिळाले की आपला नियमही तेथेच अडेल.

फळा_आणि_खडू

माझ्याच वर्गात एक जुळी जोडी आहे, त्यामुळे हे पटले. तरीही पालक यादीत वरचे नाव म्हणजे वरचा क्रमांक असेच वाचतात, हे ध्यानात ठेवावे.

नेमस्त

गुणांच्या खुणेबाबत माझी चूक झाली, हे मान्य करतो. सक्तीला मात्र माझा विरोध कायम आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की जँगोसारखी चौकट क्रमवारी नसलेल्या यादीची पाने पाडताना स्वतःच इशारा देते. आणखी पहारेकरी कशाला? दुसरे असे की आमच्या नोंदवहीत काही कोटी ओळी आहेत आणि इंडेक्स फक्त `created_at` वर आहे. आज पहिले पान इंडेक्सवरून वीस ओळी उचलून मोकळे होते. तेथे `id` जोडला तर इंडेक्स पुरा पडणार नाही आणि दर पानाला सारे टेबल लावावे लागेल. एका नावासाठी सर्वांनी ताटकळायचे का?

जुनी_विहीर

जँगोचा तो इशारा क्रमवारी अजिबात नसेल तेव्हाच येतो. `order_by("-marks")` लिहिले की तो गप्प बसतो, बरोबरी असो वा नसो. उलट त्याच जँगोच्या ॲडमिनमधील यादी क्रम एकमेव ठरत नसल्यास मुख्य किल्ली स्वतःहून शेवटी जोडते. म्हणजे त्या मंडळींनी आपल्या घरी सक्तीच केलेली आहे.

दुसरा मुद्दा निम्मा खरा आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये दुय्यम इंडेक्सच्या प्रत्येक नोंदीत मुख्य किल्ली असतेच, म्हणून दोन्हींची दिशा एकच ठेवली तर `created_at DESC, id DESC` साठी आहे तोच इंडेक्स चालतो. पोस्टग्रेसमध्ये तसे नाही. तेथे 13व्या आवृत्तीपूर्वी आपली भीती रास्त होती. त्या आवृत्तीपासून तो इंडेक्सवरून `created_at` च्या क्रमाने ओळी उचलतो आणि समान वेळेच्या गटापुरतीच आयडीनुसार मांडणी करतो. गट लहान असतील तर हा खर्च जाणवत नाही. एक सापळा मात्र आहे. पोस्टग्रेसमधील `now()` संपूर्ण व्यवहारभर एकच वेळ देते. एका व्यवहारात दोन लाख ओळी आयात केल्या असतील तर त्या सर्वांची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत तीच असते, आणि त्या गटातील पहिल्या वीस ओळींसाठीही दोन लाख वाचाव्या लागतात. तेथे `(created_at, id)` असा जोड इंडेक्स बांधण्यावाचून गत्यंतर नाही.

रात्रपाळी

वेळेचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव सांगतो. आम्ही `(created_at, id)` अशी जोडखूण ठेवली होती, इंडेक्सही होता, तरी प्रत्येक पानाच्या सांध्यावर अधूनमधून ओळ गळत असे. दोन दिवस आम्ही डेटाबेसलाच दूषणे देत होतो. पोस्टग्रेसमध्ये वेळ मायक्रोसेकंदांत होती आणि खूण ब्राउझरमधील जावास्क्रिप्टच्या `Date` मधून फिरून येताना मिलिसेकंदांवर छाटली जात होती. शेवटची ओळ `.123456` ला संपली, खूण `.123` झाली, आणि उतरत्या क्रमात या दोन्हींच्या मधल्या ओळी पुढच्या पानावर आल्याच नाहीत. चढत्या क्रमात हेच घडले असते तर शेवटची ओळ पुन्हा दिसली असती आणि दोष लवकर सापडला असता. आता आम्ही वेळ मजकूर म्हणूनच पाठवतो आणि तशीच परत घेतो.

नेमस्त

म्हणजे आयडी जोडूनही दोष राहतोच. शिवाय फेरतपासणी चालू असताना एखाद्याचे गुण 180 वरून 190 झाले आणि वाचक तेव्हा 186 वर असला, तर ते नाव त्याला कुठेच दिसणार नाही. त्यावर आपल्या सक्तीचा काय उपयोग?

जुनी_विहीर

काहीही नाही, आणि तसा दावाही मी केलेला नाही. एकमेव क्रम लावल्याने स्थिर डेटावर पाने जुळतात. डेटाच हलत असेल तर यादीची एक गोठवलेली प्रत काढून तिच्यावरून पाने द्यावी लागतात, आणि ती किती वेळ ताजी मानायची हा वेगळाच वाद आहे. मी सक्तीच्या बाजूने आहे ते अशासाठी, की हलत्या डेटाचा दोष समजावून सांगता येतो. टेबलला कोणी हातही लावलेला नसताना नाव का हरवले, हे त्या पालकांना कोणत्या तोंडाने सांगणार?

नेमस्त

गुणयादीपुरते मान्य. नोंदवहीसाठी सामायिक कोडने क्वेरी नाकारण्याऐवजी केवळ नोंद करून पुढे जावे, असेच मी म्हणेन. कोटीभर ओळींच्या टेबलवर नवा इंडेक्स कधी बांधायचा, हे ते टेबल सांभाळणाऱ्याने ठरवावे.

सह्याद्रीवारा

या चर्चेनंतर मी `OFFSET` काढून जुनी_विहीर यांनी दिलेली जोडखूण लावली, क्रमवारीतले `NULLS LAST` तसेच ठेवले आणि त्यांनी सुचवल्याप्रमाणे सर्व पानांवरचे आयडी मोजले. वेगळे आयडी 488 निघाले. एकही दोनदा आला नाही, पण बारा कमी आहेत. ते बाराही विद्यार्थी परीक्षेला गैरहजर होते आणि त्यांचे `marks` हे `NULL` आहे. पूर्वी ते यादीच्या अखेरीस दिसत असत.

जुनी_विहीर

ही चूक माझी. तुमच्या पहिल्या क्वेरीत `NULLS LAST` समोर होते, तरी मी ते विचारात घेतले नाही. `NULL` शी केलेली तुलना खरी नसते आणि खोटीही नसते, म्हणून `WHERE` त्या ओळींना कधीच आत घेत नाही. दोन्ही ठिकाणी `marks` ऐवजी `COALESCE(marks, -1)` वापरा, `NULLS LAST` काढा, खुणेतही तेच मूल्य ठेवा, आणि इंडेक्स याच अभिव्यक्तीवर, `id` सह, बांधा. मग आयडी पुन्हा मोजा.