नोकरी सोडण्याआधी हातातलंच काम थोडं वळवून बघावं का?

हिशेबवाली: सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात सहा वर्षं हिशेब बघते. दिवसभर टॅली, ई-वे बिलं, येणी. जीव मात्र सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे नमुन्याचे टॉवेल बनवण्यात रमतो. पुण्याला दुसरी नोकरी बघू, की इथेच काम बदलून बघू?

जुना एचआरवाला: ताई, "मला सॅम्पलिंगला घ्या" असं मालकांना एकदम सांगू नका. तुमचं काम सॅम्पलिंगला जिथे भिडतं, तिथून शिरा. ती जागा म्हणजे कॉस्टिंग. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅमचा टॉवेल साधारण ४९० ग्रॅम भरतो. त्यावर सुताचा दर, वेस्टेज आणि रंगाईचा खर्च चढवला की नगाची किंमत निघते. हे दर तुमच्याच वहीत असतात. पुढच्या चार सॅम्पलचं कॉस्टिंग मागा, मुदत दोन महिने. त्याच बैठकीत ई-वे बिलं तेवढा वेळ कोण बघणार, हेही ठरवून घ्या. बिल राहिलं तर गाडी गेटवर अडते आणि बोल तुम्हालाच लागतो.

पुण्यात स्थायिक: मला हे पटत नाही. माझ्या धाकट्या भावाने असंच हौसेने डिस्पॅच अंगावर घेतलं. काम दुप्पट झालं, पगार तोच राहिला. सरळ राजीनामा द्या.

जुना एचआरवाला: तुमच्या भावाचं जुनं काम कमी झालं होतं का? नसेल तर ती फक्त भर पडली. दुसऱ्या आठवड्यात ताई रात्री आठला टॅली बंद करत असतील, तर प्रयोग तिथेच फसला समजा. जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख सांभाळून, नवीन काम २० नंतरच्या दुपारी ठेवा. पगाराबाबत मात्र तुमचं खरं आहे, तो आपोआप वाढत नाही.

सिस्टर: मी नर्स आहे. डिस्चार्जच्या वेळी मधुमेहाच्या पेशंटना इन्सुलिन घ्यायला शिकवणं मी मागून घेतलं, बदल्यात माझं स्टॉकचं रजिस्टर मैत्रिणीने घेतलं. दीड वर्ष ड्युटीवर जायची ओढ वाटायची. मेट्रन बदलल्या आणि सगळं पूर्ववत झालं. कागदावर काहीच नव्हतं ना! ताई, दोन ओळींचा का होईना, मेल करून ठेवा.

जुना एचआरवाला: सिस्टर, हातातलं काम असं आपल्याला हवं तसं वळवून घेण्याला जॉब क्राफ्टिंग हे नाव २००१ मध्ये एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी रूढ केलं, तेव्हा त्यांच्यापुढेही रुग्णालयातले सफाई कर्मचारी होते. मेलचं अगदी बरोबर.

हिशेबवाली: कॉस्टिंगचं सुचलंच नव्हतं. पण सॅम्पलिंगचे मास्तर वजनाची वही कुणाला दाखवत नाहीत, आणि ते मालकांचे नातेवाईक आहेत.

जुना एचआरवाला: मग वही मागू नका. एक तयार सॅम्पल मागा. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून तोला. जेवढे ग्रॅम, त्याच्या शंभरपट जीएसएम. हिशेब मांडा आणि आधी मास्तरांना दाखवा, मालकांना नंतर.

पुण्यात स्थायिक: आणि मास्तरांनी तो कागद स्वतःच्या नावावर खपवला तर?

हिशेबवाली: तीच भीती मलाही आहे. २० तारीख होऊ दे, तुकडा तोलून बघते.