मसाल्याच्या पुड्या: हातानं भरायच्या की मशीन घ्यायचं?

धागाकर्ता: हळद, मिरची, गरम मसाला. १०० ग्रॅमच्या रोज ४,००० पुड्या, तयार पाऊचमध्ये. सहा जणी, प्रत्येकीमागे सगळं धरून महिना १४,०००. ऑटोमॅटिक मशीन साडेसहा लाखांना मिळतंय. महिना ८४,००० वाचले की ८ महिन्यांत पैसे वसूल. बरोबर ना?

हिशोबनीस: सहाही जणी सुटत नाहीत. ऑपरेटर (२०,०००), पावडर ओतायला एक, बॉक्स भरायला एक, म्हणजे ४८,००० चालूच. वाचले ३६,०००. वीज, हीटर, ब्लेड आणि मशीन ज्यातून पाऊच बनवतं त्या रोलची वाया जाणारी फिल्म यांचे अंदाजे १३,००० वजा केले की उरतात २३,०००. कॉम्प्रेसर, वायरिंग, फिल्मछपाईचे सिलिंडर धरून गुंतवणूक साडेआठ लाखांच्या घरात जाईल. म्हणजे ३७ महिने.

यंत्रवाला: जादा जाणारा माल कुठे गेला? वजन कमी पडू नये म्हणून हातानं भरताना चमचाभर जास्तच पडतं. पुडीमागे १ ग्रॅम वाचला तरी २६ दिवसांत १०४ किलो. २५० रुपये किलोनं २६,०००. मग महिना ४९,००० वाचतात, १८ महिन्यांच्या आत मशीन फिटतं. घेऊन टाका.

हिशोबनीस: मुद्दा रास्त आहे, पण तो ग्रॅम आधी मोजा. भरलेल्या ५० पुड्या वजन करा, रिकाम्या पाऊचचं वजन वजा करा. सरासरी १००.३ आली तर हे २६,००० विसरा. आणि मशीनमधला ऑगर, म्हणजे पावडर ढकलणारा स्क्रू, तोही आपोआप नेमकं भरत नाही. वरचा पावडरीचा हॉपर रिकामा होत आला की पावडर सैल पडते आणि वजन घसरतं. हॉपर निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका.

चिवडावाला: आमच्याकडे नायट्रोजन भरावा लागतो, तुकड्यांचं वजन जुळवणाऱ्या मल्टिहेड मशीनशिवाय जमतच नाही. तेच घ्या.

यंत्रवाला: तो चिवड्याचा प्रश्न, पावडरीचा नाही.

सांगलीकर: मधला मार्ग कोणीच सांगत नाही. पायानं दाबायचा ऑगर फिलर आणि बँड सीलर, दीड लाखात. पाऊच तेच, सिलिंडर नको. वजन करणाऱ्या दोघी सुटतात, २८,०००. वीज-दुरुस्तीचे ४,००० काढले तर २४,०००. जादा माल अजिबात न धरताही सहा-सात महिन्यांत पैसे परत. फक्त सीलच्या जागी पावडर चिकटू देऊ नका. भरलेली पुडी दाबून बघा. हवा सुटली तर तोंड पुसून पुन्हा सील करा.

यंत्रवाला: आणि दिवाळीत १०,००० ची ऑर्डर आली तर? मिनिटाला १५ धरल्या तरी आठ तासांत ७,२०० च होतील.

सांगलीकर: वर्षातून महिनाभर ओव्हरटाइम लावा. त्यासाठी सात लाख जादा का अडकवायचे? ४,००० पुड्यांना तुमचं मोठं मशीन अडीच तासांत मोकळं होईल.

यंत्रवाला: मागणी वाढणारच नाही असं धरलंत तर.

धागाकर्ता: सुटलेल्या दोघींना काढणार नाही, दळणाकडे लावेन. मग हिशोब?

हिशोबनीस: दळणाला नाहीतरी माणसं घेणार असाल तर बचत खरी. नाहीतर २८,००० शून्य धरा, आणि सगळी भिस्त त्या एका ग्रॅमवर.