‘हाफ-ड्रॉप’ला मराठीत काय म्हणाल?

गंगापूररोडकर: नाशिकमध्ये कापड-छपाई शिकणाऱ्या मुलींसाठी मी मराठीत टिपण लिहितेय. नक्षीचा एकच तुकडा कापडभर पुन्हा पुन्हा लावायच्या पद्धतींना नावं हवी आहेत. ‘सीमलेस रिपीट’ला ‘अखंड आवर्तन’ आणि ‘स्ट्रेट’ला ‘सरळ आवर्तन’ लिहिलंय. गाडी ‘हाफ-ड्रॉप’वर अडली आहे. ‘अर्धउतार’ कसा वाटतो?

शिवणघर: सीमलेस म्हणजे बिनशिवणीचे ना? लेगिंग येतात तसे? ‘बेशिवण’ म्हणा.

गंगापूररोडकर: नाही हो ताई, इथे शिवण नक्षीची. छापलेल्या कापडावर एक तुकडा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळू नये, इतकंच.

सिन्नरी: ‘विटबांधणी’ म्हणा की सरळ. गवंडी सांधा मोडतो, तसंच हे.

ठसेवाला: अर्धं बरोबर. विटेचा थर आडवा सरकतो. हाफ-ड्रॉपमध्ये उभी पट्टी खाली सरकते, तीही तुकड्याच्या निम्म्या उंचीने. भिंत उजव्या कुशीवर झोपवलीत तर जमेल!

रांगोळीवेडी: अहो, हे तर मधले ठिपके! 15 ते 15 काढले की सरळ, 15 ते 8 काढले की प्रत्येक ठिपका वरच्या दोघांच्या मधोमध. ‘मधलं आवर्तन’ म्हणा.

मालेगाववाला: मला कापडातलं कळत नाही, पण कपाशीची चौफुली लागवड आठवली. चौफुलीत कोळपं उभंही चालतं, आडवंही, कारण दोन्हीकडून वाटा मोकळ्या असतात.

ठसेवाला: काका, सरळ आवर्तनातला दोष यापेक्षा नेमका कुणी सांगितला नसता. सरळ मांडणीत मोकळ्या जागा एकाखाली एक येतात आणि पूर्ण कापडावर कोळप्याच्या वाटा दिसतात. संगणकावर एकच तुकडा बघताना त्या दिसत नाहीत. तीन बाय तीन मांडून दहा फुटांवरून डोळे बारीक करून बघा. हाफ-ड्रॉपने आडव्या वाटा मोडतात, पण सगळी पानं एकाच बाजूला कललेली असतील तर तिरप्या वाटा उघडतात. मग एखादा घड उलटा फिरवावा लागतो.

आता टिपणात घालाच असा एक किस्सा. माझ्याकडच्या मुलीने द्राक्षघडाची नक्षी केली, तुकडा 16 बाय 16 सेंमी, हाफ-ड्रॉपसाठी. उजव्या कडेला वरून 11 सेंमीवर एक पान बाहेर जात होतं. शेजारची पट्टी 8 सेंमी खाली असल्यामुळे उरलेलं पान तिने डाव्या कडेला 3 सेंमीवर काढलं. हिशेब अचूक! पण छपाईला तोच एक तुकडा पाठवला, आणि तिथे तो सरळ लावला गेला. अर्धं पान 11 वर कापलेलं, अर्धं 3 वर लटकलेलं, पाच मीटरभर.

छपाईवाल्याला सरळ लावता येईल असा जोड-तुकडा द्यायचा असतो, 32 बाय 16. त्याच्या उजव्या अर्ध्यात तीच नक्षी 8 सेंमी खाली सरकवायची, आणि तळातून जे बाहेर पडेल ते वर आणायचं. फाइल सेंमीला 60 पिक्सेल ठेवली तर तो 1920 बाय 960 होतो. 150 dpi, म्हणजे इंचाला 150 पिक्सेल, घेतलं की 16 सेंमीचे 944.88 पिक्सेल येतात आणि त्या अपूर्णांकातून केसाएवढी रेघ उमटू शकते. तपासायला फोटोशॉपमध्ये `Filter > Other > Offset`, आडवे 960, उभे 480, खाली `Wrap Around`. चित्र जसंच्या तसं दिसलं पाहिजे. हललं तर कुठेतरी चुकलंय.

शिवणघर: घड केवढा होता? माझ्याकडे असंच मोठ्या फुलांचं कापड आलं होतं. लहान मुलीच्या फ्रॉकचा योक कापला तर त्यात एकही फूल पूर्ण बसेना. गिऱ्हाईक म्हणालं, तुम्हीच चुकीचं कापलंत.

ठसेवाला: बारा सेंमीचा. कुर्त्याला शोभला असता, फ्रॉकला नाही. पडद्यावर मोठं करून बघितल्यावर सगळेच फसतात. खऱ्या मापात कागदावर छापून खांद्यावरून सोडा. तिने नंतर 18 चा तुकडा करायचं म्हटलं, तर रोटरी छपाईच्या 64 सेंमी घेराच्या नळकांड्यावर 18 पूर्ण वेळा बसत नाही. 16 नंतर थेट 21.33, कारण 64 चे तीनच भाग. शेवटी घडच 5 सेंमीचा केला आणि तुकड्यात तीन घड पेरले.

गंगापूररोडकर: शब्द राहिला! ‘निमउतार’ कसा? निमशहरीतला निम.

सिन्नरी: ‘उतार’ म्हटलं की मला कसारा घाट दिसतो.

रांगोळीवेडी: मधलं! मधलंच!

ठसेवाला: मधलं म्हटलं की वीट आणि हाफ-ड्रॉप दोन्ही त्यातच येतात, मुली आडवं सरकवतील. ‘निमउतार’ चालेल. कारखान्यात मात्र सगळे ‘हाफ-ड्रॉप’च म्हणतात, तेही टिपणात लिहा.

मालेगाववाला: आणि सरळला ‘चौफुली’ लिहा.

गंगापूररोडकर: ते लिहिलं, काका. ‘निमउतार’ सध्या पेन्सिलने.