मदत हवी आहे: गणवेशाच्या जॉबवर्कसाठी जुकी मशीन नवी, जुनी की भाड्याने?

पूर्वभागकर
नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि घरी पायमशीनवर कपडे शिवते. एका गणवेश कारखानदाराकडून शाळेचे शर्ट शिवण्याचे काम मिळत असून फेब्रुवारी ते मे एवढेच काम पक्के आहे, पुढचे मागणीवर ठरेल. नव्या जुकी मशीनची किंमत मला २६,००० रुपये सांगितली आहे. टेबल-स्टँड व क्लच मोटरसह जुनी ११,००० ला मिळते. भाडे महिना १,२०० असून ५,००० अनामत ठेवावी लागते. माझा कल जुन्या मशीनकडे आहे, परंतु ती पारखावी कशी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

रेश्मा_टेलर
ताई, भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. जुनीच घ्या आणि सर्वो मोटर बसवा, विजेचे बिल निम्मे होईल.

शिवणकाका
सर्वो बसवण्याचा सल्ला चांगला आहे, पण बिल सरसकट निम्मे होईल असे धरू नये. क्लच मोटर बटण चालू असेपर्यंत फिरतच राहते, तर सर्वो पायदान दाबल्यावरच फिरते. त्यामुळे कॉलर उलटवण्यात, कापड लावण्यात जितका वेळ मशीन थांबेल, तितकीच बचत होते. भाड्याचे म्हणाल तर चार महिन्यांचे ४,८०० होतात. जुन्या मशीनचे ११,००० त्या हिशेबाने फिटायला तिसरा हंगाम उजाडेल, आणि तुमचे काम तर एकाच हंगामाचे पक्के आहे.

तरीही जुनी घ्यायची असेल तर गणवेशाचे कापड, आपला दोरा आणि नवी सुई सोबत न्यावी. मोटर बंद ठेवून हातचाक सावकाश आपल्याकडे फिरवावे. ते कुठे अडकू नये. मग दोन पदरांवरून जाड जोडावर न थांबता शिवून पाहावे. नवी सुई घालूनही टाके सुटत असतील, तर बहुधा हूकचे टायमिंग सरकलेले असते किंवा त्याचे टोक झिजलेले असते. टायमिंग मेकॅनिक जुळवून देतो. झिजलेला हूक मात्र बदलावाच लागतो आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. शेवटी मशीन वेगात चालवून वरच्या काचेत तेल उडताना दिसते का, ते पाहावे. तेल असूनही उडत नसेल, तर आतले भाग कोरडे चालत आले असण्याची शक्यता मोठी, म्हणून अशी मशीन कितीही स्वस्त असली तरी मी घेणार नाही.

केकवाली_होटगीरोड
मी केकसाठी जुना ओव्हन घेतला आणि त्याची खालची कॉईल पहिल्याच महिन्यात गेली. म्हणून विजेवर चालणारी कोणतीही वस्तू जुनी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

शिवणकाका
ताई, कॉईल जळेपर्यंत कळत नाही. मशीनची झीज मात्र शिवून पाहिल्यावर बरीचशी दिसते.

पूर्वभागकर
काका, मनापासून आभार. आधी भाड्याने घेऊन, हंगामानंतर तीच मशीन विकत घेतल्यास भरलेले भाडे किमतीतून वजा करण्यास कोणी विक्रेता तयार होतो का?

शिवणकाका
माझ्या ओळखीत असा व्यवहार झालेला नाही, पण विचारायला हरकत नाही. तयार झाल्यास मशीनचा क्रमांक, वजा होणारी रक्कम आणि मधल्या काळातली दुरुस्ती कोणाकडे, हे लेखी घ्यावे.