मदत हवी आहे: ॲसिटोन पोलर आहे, तरी त्यात टर्शरी ब्युटिल क्लोराइड का हलत नाही?

सायली_के
नमस्कार. टीवाय बीएस्सीला आहे. परवाच्या प्रॅक्टिकलला तीन हॅलाइडं होती: एन-ब्युटिल ब्रोमाइड, टर्शरी ब्युटिल क्लोराइड आणि बेंझिल क्लोराइड. प्रत्येकाचे दोन थेंब एकदा ॲसिटोनमधल्या सोडियम आयोडाइडमध्ये टाकले, एकदा इथेनॉलमधल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये.

ॲसिटोनच्या नळीत ब्युटिल ब्रोमाइडचा पांढरा साका दोन मिनिटांत आला, टर्शरीची नळी मात्र शेवटपर्यंत स्वच्छ. सिल्व्हरच्या नळीत टर्शरी टाकताक्षणी दुधासारखी झाली आणि ब्युटिल ब्रोमाइड रेंगाळलं. बेंझिल क्लोराइडने दोन्हीकडे साका दिला!

नोट्समध्ये लिहिलंय, ‘पोलर सॉल्व्हंट असेल तर एसएन१’. ॲसिटोन पोलरच आहे ना? मग टर्शरी का अडलं?

मन्या_७७
सोपं आहे. टर्शरी कार्बनभोवती तीन मिथाइलची गर्दी असते, आयोडाइडला मागून शिरायला जागाच नाही. म्हणून एसएन२ नाही. सॉल्व्हंटकडे बघूच नकोस, सबस्ट्रेट बघ.

सायली_के
एसएन२ का नाही हे कळलं. पण सबस्ट्रेटच सगळं ठरवत असेल तर ॲसिटोनमध्ये क्लोराइड आधी आपणहून सुटून एसएन१ तरी व्हायला हवं होतं. तेही झालं नाही.

तारापूरकर
यील्ड कमी येत असेल तर थोडं तापवून बघा. आमच्या प्लांटवर बेंझिल क्लोराइडपासून सायनाइड करताना पाणी-मिथेनॉलमध्ये बेंझिल अल्कोहोल आणि ईथर सोबत यायचं, साफ करता करता जीव जायचा. डीएमएफ घेतल्यावर ती कटकट कमी झाली.

खडूफळा
तारापूरकर, तिचा प्रश्न यील्डचा नाही. पण तुमचा अनुभव इथे कामाचा आहे, त्याच्याकडे परत येतो.

सायली, नोट्समधलं ते वाक्य अर्धवट आहे. एसएन१मध्ये कार्बन-क्लोरीन बंध आपणहून तुटला की दोन आयन होतात आणि दोघांनाही आधार लागतो. ॲसिटोनचा ऑक्सिजन कॅटायनला थोडाफार सांभाळतो, पण क्लोराइडला धरायला त्याच्याकडे ओ-एच नाही. पाण्यात, अल्कोहोलमध्ये तो हायड्रोजन क्लोराइडला हायड्रोजन बंधाने धरून ठेवतो. हा आधार किती मोठा? टर्शरी ब्युटिल क्लोराइड निव्वळ इथेनॉलपेक्षा पाण्यात साधारण ३ लाख पट वेगाने तुटतं. ॲसिटोन तर इथेनॉलच्याही मागे. म्हणून तुझ्या नळीत त्याला दोन्ही वाटा बंद होत्या: मागून गर्दी आणि पुढे ॲनायनला आधार नाही.

आता हीच गोष्ट आयोडाइडच्या बाजूने बघ. अल्कोहोलमध्ये तेच हायड्रोजन बंध आयोडाइडलाही अडकवून ठेवतात. ॲसिटोनमध्ये ते मोकळं असतं, म्हणून ब्युटिल ब्रोमाइडवर पटकन जातं. शिवाय सोडियम आयोडाइड ॲसिटोनमध्ये विरघळतं, सोडियम ब्रोमाइड आणि क्लोराइड विरघळत नाहीत. तुला दिसलेला साका तोच.

बेंझिल प्रायमरी आहे, त्यामुळे मागची वाट मोकळी. आणि कॅटायन झालाच तर रिंग त्याचा चार्ज वाटून घेते. दोन्ही दारं उघडी असली की सॉल्व्हंटचं मत निर्णायक ठरतं. तारापूरकरांच्या पाणी-मिथेनॉलमध्ये सायनाइड बांधलेलं होतं आणि सॉल्व्हंट स्वतःच बेंझिलला पकडत होता. डीएमएफकडेही ओ-एच नाही, म्हणून त्यात सायनाइड सुटं झालं.

मन्या_७७
मग सॉल्व्हंटचं मी चुकीचं बोललो. पण सिल्व्हरमध्ये साका आला म्हणजे एसएन१ नक्की, हे तरी बरोबर ना?

खडूफळा
नाही, तेवढं नक्की नाही. सिल्व्हर स्वतः हॅलाइडला ओढून काढतो, म्हणजे नळीत फक्त सॉल्व्हंटचं राज्य नाही. टर्शरीबद्दल माझी खात्री आहे. बेंझिलबद्दल त्या नळीवरून मी छातीठोक सांगणार नाही. रिंगच्या पॅरा जागी मेथॉक्सी असता तर पारडं एसएन१कडे झुकलं असतं. नायट्रो असता तर उलट, कारण मग कॅटायन टिकतच नाही.

ॲसिटोनमध्ये मात्र पडताळा घेता येतो. आयोडाइड भरपूर जास्त ठेव. एका नळीत त्याचं प्रमाण दुप्पट कर आणि हॅलाइडचे थेंब तेवढेच. साका दिसायला साधारण निम्मा वेळ लागला तर आयोडाइड वेग ठरवणाऱ्या पायरीत आहे.

सायली_के
हे करून बघते. अजून एक: मैत्रिणीच्या सिल्व्हरच्या नळीत हॅलाइड टाकण्याआधीच पांढरं आलं होतं. बाईंनी ते निरीक्षण तसंच लिहायला लावलं.

खडूफळा
नळी नळाच्या पाण्याने धुतली असणार. त्यातलं क्लोराइडच सिल्व्हरला पुरतं. पिवळसर दिसलं असतं तर आधीच्या आयोडाइडचा अंश राहिला, असं समजायचं. डिस्टिल्ड पाण्याने आणि मग इथेनॉलने खंगाळ, आणि हॅलाइड न टाकलेली एक नळी नेहमी शेजारी ठेव. ॲसिटोनच्या नळ्या मात्र पूर्ण कोरड्या हव्यात. पाणी राहिलं तर सोडियम ब्रोमाइड विरघळून जातं आणि झालेली रिॲक्शन दिसत नाही.

मन्या_७७
आणि सेकंडरी? २-ब्रोमोब्युटेन इथेनॉलमध्ये टाकलं तर कुठल्या वाटेने जातं?

खडूफळा
त्यावर जाणकारही एकमताचे नाहीत. आयन पूर्ण सुटे होण्याआधी जोडीने राहतात, आणि त्या अवस्थेत सॉल्व्हंट मागून आला तर त्याला एसएन१ म्हणायचं की एसएन२? सायली, मिळालं तर गुरुवारी तेही दोन्ही नळ्यांत टाक आणि वेळा इथे लिही.